जंप असलेल्या फंक्शनचं डेफिनिट इंटिग्रल: ते असतंच, पण का?

मृण्मयी_टीवाय

नमस्कार. टी.वाय.ला आमचं रीमन इंटिग्रेशन चालू आहे. गेल्या आठवड्यात वर्गात एक प्रमेय झालं: बंद अंतरालावर फंक्शन बाउंडेड असेल आणि मोजक्याच बिंदूंवर तुटत असेल, तर त्याचं डेफिनिट इंटिग्रल असतं. सिद्धता फळ्यावर झाली, वहीत उतरली, मला पाठही आहे. पण एप्सिलॉनला चार एम एन ने भागायचं कुठून सुचतं ते कळत नाही.

माझा साधा प्रश्न असा. कंटिन्युअस फंक्शनचं मला पटतं. पट्ट्या बारीक केल्या की प्रत्येक पट्टीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत जवळजवळ येतात, म्हणून वरून मोजलेलं आणि खालून मोजलेलं क्षेत्रफळ एक होतं. पण जिथे फंक्शन १ वरून एकदम ३ वर उडी मारतं, तिथे पट्टी कितीही बारीक करा, त्या पट्टीतला फरक २ च राहणार. तो कधीच शून्याकडे जात नाही. मग इंटिग्रल असतं असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

---

सह्यकडा

तुमची शंका बरोबर आहे. खरं म्हणजे अशा फंक्शनचं सरळ इंटिग्रल नसतंच. अँटिडेरिव्हेटिव्ह काढायचा आणि वरची-खालची लिमिट टाकून वजाबाकी करायची, हे कंटिन्युअस असेल तरच चालतं. जंप असेल तर आपण दोन तुकडे करतो, दोन वेगळी इंटिग्रल काढतो आणि बेरीज करतो. इंजिनिअरिंगला आम्ही चारही वर्षं हेच केलं. बेरजेला इंटिग्रल म्हणणं ही फक्त सोय आहे.

---

पंपवाला

मला यातली थिअरी येत नाही, पण माझ्याकडे नेमकी हीच भानगड झाली आहे, म्हणून लिहितो.

शेतावर टाकीत पाणी सोडायची लाइन आहे. पहिला व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जातो. पहिल्या तासात प्रवाह शून्यापासून ताशी एक हजार लिटरपर्यंत सरळ रेषेत चढतो. तास पूर्ण झाला की दुसरा व्हॉल्व्ह उघडतो आणि प्रवाह एकदम ताशी तीन हजार होतो. पुढचा तासभर तो तीन हजारच राहतो. दोन तासांनी मीटरवर साडेतीन हजार लिटर दिसतात.

प्रवाहाची नोंद दर बारा मिनिटांनी होते. त्यावरून एकूण पाणी काढायला छोटा प्रोग्रॅम लिहिला, ट्रॅपेझॉइडल नियमाने. तपासायला म्हणून सूत्रच घातलं:

```python
import numpy as np

def f(t):
    return np.where(t < 1, t, 3.0)

n = 10
t = np.linspace(0, 2, n + 1)
y = f(t)
h = t[1] - t[0]
print(h * (y.sum() - (y[0] + y[-1]) / 2))
```

उत्तर येतं ३.७, म्हणजे दोनशे लिटर जास्त. n च्या जागी ११ घातलं की येतं ३.४९५९. एक पट्टी वाढवली तर दोनशे लिटर कुठे गेले? n शंभर केलं तर ३.५२, हजार केलं तर ३.५०२. फंक्शन तुटकं आहे म्हणून इंटिग्रलच नाही, असं असेल तर मीटर काय मोजतो?

---

गणूमास्तर

पंपवाले, तुमचं उदाहरण इतकं नेमकं आहे की मृण्मयीला उत्तर त्यातूनच देतो. प्रोग्रॅमचं नंतर बघू.

मृण्मयी, तू म्हणालीस की जंपच्या पट्टीतला फरक २ च राहतो. अगदी खरं. पण क्षेत्रफळात उंची एकटी येत नाही. ती पट्टीच्या रुंदीने गुणलेली येते. फरक कमी होत नाही, पण तो किती रुंदीवर पसरू द्यायचा हे तुझ्या हातात आहे.

आता आकडे घालू. वरून मोजलेलं पाणी आणि खालून मोजलेलं पाणी यांच्यातली फट मला दहा लिटरपेक्षा कमी करून हवी आहे, म्हणजे हजार लिटरच्या हिशेबात ०.०१. मी जंपभोवती एक अरुंद पट्टी घेतो, ०.९९९ ते १.००१. तिची रुंदी ०.००२ तास, म्हणजे सात सेकंदांच्या थोडी वर. त्या पट्टीत प्रवाहाची सर्वांत मोठी किंमत ३ आणि सर्वांत लहान ०.९९९. फरक २.००१. गुणिले ०.००२ म्हणजे ०.००४००२. चार लिटर.

उजवीकडे, १.००१ ते २, प्रवाह स्थिर आहे. तिथे फट शून्य.

डावीकडे, ० ते ०.९९९, फंक्शन कंटिन्युअस आहे आणि चढतं आहे. त्याच्या २५० सारख्या पट्ट्या करू. चढत्या फंक्शनमध्ये प्रत्येक पट्टीतली फट म्हणजे त्या पट्टीतली चढण गुणिले रुंदी. सगळ्या चढणी एकावर एक रचल्या की एकूण चढण ०.९९९ होते, आणि रुंदी प्रत्येकीची ०.९९९ भागिले २५०. गुणाकार ०.००३९९२. हेही साधारण चार लिटरच.

एकूण फट ०.००७९९४, आठ लिटरच्या आत. दहा लिटर मागितले होते. उद्या कुणी एक लिटर मागितला तर जंपची पट्टी आणखी अरुंद करायची आणि डावीकडच्या पट्ट्या वाढवायच्या. कितीही लहान फट मागितली तरी ती जमते, आणि इंटिग्रल असणं म्हणजे इतकंच. ते फंक्शन सगळीकडे गुळगुळीत असावं अशी अट त्यात कुठेही नाही.

तुझ्या वहीतला चार एम एन इथूनच येतो. एम म्हणजे किमतींची मर्यादा, म्हणून उंचीतला फरक जास्तीत जास्त २ एम. एन म्हणजे जंप किती. प्रत्येक जंपच्या पट्टीला एप्सिलॉन भागिले ४ एम एन एवढी रुंदी दिली, तर सगळ्या जंपांची मिळून फट एप्सिलॉनच्या निम्मी होते. उरलेला निम्मा कंटिन्युअस भागांसाठी राखून ठेवायचा. खर्चाची वाटणी आधी ठरवली आहे, एवढंच. पाठ करण्याआधी कागदावर एक आकडा घालून बघ.

---

मृण्मयी_टीवाय

मास्तर, सात सेकंद आणि चार लिटर हे वाचल्यावर एकदम दिसलं! मी फक्त उंचीकडेच बघत बसले होते. आत्ता वहीतली सिद्धता परत काढली तर प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते कळतंय.

पण सह्यकडा म्हणतात की ही दोन वेगळी इंटिग्रल आहेत. ते चूक आहे का?

---

गणूमास्तर

तुकडे करून बेरीज करा, ही त्यांची रीत बरोबर आहे आणि उत्तरही बरोबरच येईल: ०.५ अधिक ३, म्हणजे ३.५. पण ती रीत चालते कारण अख्ख्या अंतरालावर इंटिग्रल आधीपासून आहे, आणि ते तुकड्यांत वाटता येतं. क्रम उलटा घेतला की गोंधळ होतो.

अँटिडेरिव्हेटिव्ह असणं आणि इंटिग्रल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंपवाल्यांच्या फंक्शनला खरोखरच अँटिडेरिव्हेटिव्ह नाही. टाकीतलं पाणी वेळेनुसार काढलं तर पहिल्या तासात ते t चा वर्ग भागिले २, नंतर ०.५ अधिक ३ गुणिले (t − १). हा आलेख कुठेही तुटत नाही, पण t = १ ला त्याला कोपरा आहे. डावीकडून उतार १, उजवीकडून ३. त्या क्षणी डेरिव्हेटिव्ह नाही. म्हणजे अँटिडेरिव्हेटिव्ह नसताना इंटिग्रल आहे.

उलटंही होतं. १८८१ मध्ये व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने असं फंक्शन दाखवलं की ज्याचा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे आहे, बाउंडेड आहे, पण त्या डेरिव्हेटिव्हचं रीमन इंटिग्रल नाही. तिथे अँटिडेरिव्हेटिव्ह समोर असूनही इंटिग्रल नाही.

---

सह्यकडा

व्होल्टेराचं माहीत नव्हतं. कोपऱ्याचं मान्य. तरी एक सांगतो, प्रत्यक्षात कुठलाही व्हॉल्व्ह शून्य वेळात उघडत नाही. दोन-तीन सेकंद लागतातच. म्हणजे खरा प्रवाह कंटिन्युअसच असतो आणि हा जंपचा प्रश्न व्यवहारात उद्भवत नाही.

---

गणूमास्तर

तुमचा हा मुद्दा मला फार कामाचा वाटतो, फक्त तो उलट्या बाजूने वापरा. त्या सात सेकंदांच्या पट्टीत व्हॉल्व्ह कसा उघडला, सरळ उघडला, अडखळत उघडला की एका क्षणात उघडला, याने एकूण पाण्यात जास्तीत जास्त चार लिटरचा फरक पडतो. प्रवाह ०.९९९ आणि ३ यांच्या मध्ये राहिला एवढंच पुरे. म्हणून जंप हे त्या जलद बदलाचं चांगलं चित्र ठरतं.

---

तेजस_११वी

मग 1/x चं ० ते १ पण निघेल ना? तिथे पण एकाच बिंदूला प्रॉब्लेम आहे. शून्याभोवती छोटी पट्टी घ्यायची.

---

अनुराधा_के

नाही तेजस. इथे पट्टीची युक्ती कुठे अडते ते बघ. शून्याला लागून कितीही अरुंद पट्टी घेतलीस तरी तिच्यात फंक्शनची किंमत अमर्याद वाढते, म्हणून वरून मोजायला त्या पट्टीला उंचीच मिळत नाही. मास्तरांच्या हिशेबात २.००१ हा ठरलेला आकडा होता, म्हणून रुंदी कमी करून गुणाकार खाली आणता आला. बाउंडेड ही अट त्यासाठीच आहे.

उलट sin(1/x) बघ. शून्याजवळ ते इतकं वरखाली होतं की डावी-उजवी लिमिटसुद्धा नाही, म्हणजे तो जंपही नव्हे. पण किंमत −१ ते १ मध्येच राहते. ० ते ०.००१ ही एक पट्टी केली की तिथली फट जास्तीत जास्त ०.००२, आणि बाकीच्या भागात फंक्शन कंटिन्युअस आहे. शून्याला कुठलीही एक किंमत द्या, ० ते १ वर इंटिग्रल आहे. बिंदू किती वाईट आहे याला महत्त्व नाही, त्याला किती अरुंद जागेत कोंडता येतं याला आहे.

---

पंपवाला

माझे दोनशे लिटर राहिले.

---

अनुराधा_के

हो, मी ते कागदावर मांडलं आहे. n = १० ला तुमच्या नोंदी ०, ०.२, ०.४ अशा पडतात आणि एक नोंद बरोबर १ वर येते. तिथे तुमचा प्रोग्रॅम ३ धरतो, कारण अट `t < 1` अशी आहे. ट्रॅपेझॉइडल नियम ०.८ वरची ०.८ ही किंमत आणि १ वरची ३ ही किंमत तिरक्या रेषेने जोडतो. त्या बारा मिनिटांत प्रवाह खरं तर ०.८ पासून फक्त १ पर्यंत गेला होता. त्या रेषेखालचा जादा त्रिकोण म्हणजे निम्मं गुणिले ०.२ गुणिले २, बरोबर ०.२. हेच तुमचे दोनशे लिटर. चूक पट्टीच्या रुंदीएवढी असते, म्हणून शंभर पट्ट्यांना ०.०२ आणि हजारला ०.००२.

n = ११ ला जंप पट्टीच्या मधोमध पडतो. तिरकी रेषा डाव्या अर्ध्यात जास्त मोजते आणि उजव्या अर्ध्यात जवळजवळ तेवढंच कमी. उरते ती चूक रुंदीच्या वर्गाच्या अष्टमांशाएवढी, ०.००४१. म्हणून ३.४९५९. हा निव्वळ योगायोग आहे, यावर भिस्त ठेवू नका.

गंमत पुढे आहे. t = १ ला ३ ऐवजी १ धरा, n = १० ला उत्तर ३.३ येईल. २ धरा, म्हणजे दोन्ही बाजूंची सरासरी, तर कुठल्याही सम n ला बरोबर ३.५ येईल. एका क्षणाची किंमत बदलून इंटिग्रल बदलत नाही, कारण त्या बिंदूला रुंदीच नाही. पण प्रोग्रॅम त्या एका क्षणाची किंमत अख्ख्या बारा मिनिटांवर पसरवतो, म्हणून त्याचं उत्तर बदलतं. खात्रीचा उपाय म्हणजे १ ला अंतराल तोडा आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. `scipy` वापरत असाल तर `quad(f, 0, 2, points=[1])` असं जंपचं ठिकाण सांगता येतं.

---

मृण्मयी_टीवाय

आता माझी पुढची शंका. मोजके जंप झाले. अनंत असतील तर? समजा १/२, १/३, १/४ अशा प्रत्येक बिंदूवर जंप आहे.

---

गणूमास्तर

हे सगळे जंप शून्याकडे गर्दी करतात. ० ते ०.००१ एवढी एकच पट्टी घे. १/१००० आणि पुढचे सगळे तिच्यात गेले. बाहेर उरले १/२ ते १/९९९, म्हणजे ९९८ जंप. ते मोजकेच. त्यांना आधीची युक्ती लाव. फंक्शन बाउंडेड असेल तर झालं.

याहून धीट उदाहरण थोमेचं, १८७५ मधलं. ० ते १ मध्ये अपरिमेय संख्येला किंमत ०, आणि अतिसंक्षिप्त अपूर्णांक p/q ला किंमत १/q. हे प्रत्येक परिमेय बिंदूवर तुटतं आणि तरी इंटिग्रेबल आहे. ०.०१ किंवा त्याहून मोठी किंमत फक्त छेद १०० पर्यंत असलेल्या अपूर्णांकांना मिळते. ते दोन्ही टोकं धरून ३०४५ भरतात. त्यांना मिळून ०.०१ रुंदीच्या पट्ट्यांत कोंड. तिथे उंची जास्तीत जास्त १, म्हणून फट ०.०१ च्या आत. बाकी सगळीकडे उंचीच ०.०१ पेक्षा कमी. एकूण फट ०.०२ च्या आत. खालून मोजलेलं नेहमी शून्यच, म्हणून इंटिग्रल शून्य.

---

मृण्मयी_टीवाय

थांबा. मग डिरिक्लेचं फंक्शन का नाही? परिमेयला १, अपरिमेयला ०. परिमेय संख्या ओळीने मोजता येतात. पहिलीला एप्सिलॉनच्या निम्मी पट्टी, दुसरीला पाव, तिसरीला अष्टमांश. सगळ्या पट्ट्या मिळून रुंदी एप्सिलॉन. सगळे वाईट बिंदू कोंडले!

---

गणूमास्तर

प्रश्न चांगला आहे, तेव्हा सावकाश वाच.

तू कोंडलेस ते परिमेय बिंदू. पण तुटण्याचे बिंदू तेवढेच आहेत का? कुठलाही अपरिमेय बिंदू घे. तिथे किंमत ०, पण त्याच्या कितीही जवळ परिमेय बिंदू आहेत आणि तिथे किंमत १. म्हणजे फंक्शन अपरिमेय बिंदूवरही तुटतं. ते प्रत्येक बिंदूवर तुटतं. थोमेच्या फंक्शनमध्ये तसं होत नाही. अपरिमेय बिंदूच्या जवळ जावं तसे छेद मोठे होत जातात आणि किमती शून्याकडे उतरतात, म्हणून तिथे ते कंटिन्युअस आहे.

दुसरं असं की रीमनच्या बेरजेत पट्ट्या मोजक्याच असतात. तुझ्या अनंत पट्ट्या तिथे वापरता येत नाहीत. सगळे परिमेय बिंदू मोजक्या पट्ट्यांत कोंडायला गेलीस, तर त्या पट्ट्यांची एकूण रुंदी एकापेक्षा कमी होऊच शकत नाही. डिरिक्लेच्या फंक्शनला वरून मोजलेलं नेहमी १, खालून नेहमी ०. फट हलत नाही.

तरी तुझी निम्मी-पाव-अष्टमांशाची कल्पना वाया जात नाही. लबेगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकी तिच्यावरच कसोटी उभी केली. बाउंडेड फंक्शन रीमनच्या अर्थाने इंटिग्रेबल असतं, जर त्याचे तुटण्याचे सगळे बिंदू अशा, हवं तर अनंत, पट्ट्यांत झाकता आले आणि त्यांची एकूण रुंदी हवी तितकी लहान करता आली. तसं नसेल तर नसतं. तू झाकलंस बरोबर. झाकायचा संच मात्र चुकीचा घेतलास.

---

सह्यकडा

बारावीच्या पुस्तकात तर सारख्या पट्ट्या करून प्रत्येकीच्या उजव्या टोकाची किंमत घेतात आणि बेरजेचं लिमिट काढतात. वरून-खालून हे काही नाही. तेवढं पुरे नाही का?

---

गणूमास्तर

कंटिन्युअस फंक्शनला पुरे. पण तीच व्याख्या म्हणून डिरिक्लेच्या फंक्शनला लावा. ० ते १ चे n सारखे भाग केले तर सगळी उजवी टोकं परिमेय, उत्तर १. ० ते √२ चे भाग केले तर सगळी उजवी टोकं अपरिमेय, उत्तर ०. आणि १ ते √२ चे केले तरीही ०. म्हणजे १ अधिक ० बरोबर ०. तुकड्यांची बेरीज जुळत नाही. तुम्ही ज्या तुकडे करण्याच्या रीतीवर विसंबता, तीच मोडते. म्हणून रीमनने १८५४ मध्ये व्याख्या मांडली तेव्हा पट्ट्या कशाही असोत आणि पट्टीतला बिंदू कुठलाही घ्या, उत्तर एकच आलं पाहिजे, अशी अट घातली. वरून आणि खालून मोजायची मांडणी दार्बूची, १८७५ ची. दोन्हींचा अर्थ एकच होतो.

---

अनुराधा_के

इथे मी मास्तरांशी थोडी असहमत आहे. मी बारावीला शिकवते. उजव्या टोकाची बेरीज मुलं हाताने करू शकतात, आणि त्या वयात समोर येणारी फंक्शन कंटिन्युअसच असतात. मात्र ‘ही व्याख्या नसून मोजायची एक रीत आहे’ हे एक वाक्य पुस्तकात असायला हवं, एवढं मान्य.

---

गणूमास्तर

मला एक वाक्य पुरेसं वाटत नाही. निदान एक जंपचं उदाहरण तरी हवं. यावर आपलं आधीही झालं आहे.

---

पंपवाला

t = १ ला तोडून मोजलं, ३.५ आलं. पण हे सूत्र घातल्यावर. खऱ्या नोंदी बारा मिनिटांच्या आहेत. त्यात ४८ व्या मिनिटाला ०.८ दिसतं आणि साठाव्या मिनिटाला ३. दुसरा व्हॉल्व्ह मध्ये कधी उघडला ते नोंदीत नसतंच. मग कुठे तोडू?

---

अनुराधा_के

ते आकड्यांवरून कळणार नाही. ४८ व्या मिनिटानंतर लगेच उघडला असेल तर त्या बारा मिनिटांत सहाशे लिटर आले, साठाव्या मिनिटाला उघडला असेल तर एकशे ऐंशी. चारशे वीस लिटरची अनिश्चितता त्या एका पट्टीत आहे. व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ वेगळी नोंदवा, तेवढ्या एका आकड्याने ती जाते.

---

पंपवाला

वेळ नोंदवायची सोय कंट्रोलरमध्ये आहे, चालू करतो. एक विचारायचं राहिलं. दोन नोंदींच्या मध्ये व्हॉल्व्ह उघडून परत बंद झाला तर?

---

अनुराधा_के

तर नोंदीत काहीच दिसणार नाही. पाच मिनिटं उघडा राहिला तर दीडशे ते अडीचशे लिटरचा फरक मीटरवर दिसेल आणि प्रोग्रॅममध्ये शून्य. इंटिग्रल तिथेही आहे, दोन जंपांनी त्याला काही होत नाही. पण ते काढायला लागणारी माहिती तुमच्या अकरा आकड्यांत नाही. मीटर आणि प्रोग्रॅम यांच्यात असा फरक पडला, तर आधी कंट्रोलरची वेळांची यादी बघा.